जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यावा की बाहेर विकावा? हिशेब कसा मांडावा, पायरी पायरीने

नवा फोन घेताना जुन्या फोनचे काय करायचे, हा प्रश्न पुण्यात बहुतेक जण शेवटच्या घटकेला सोडवतात. दसरा-दिवाळीचा सेल लागलेला असतो, पडद्यावर ‘एक्स्चेंजवर २२,००० रुपयांपर्यंत सूट’ असे ठळक अक्षरांत झळकत असते आणि ओएलएक्सवर जाहिरात टाकून अनोळखी माणसांचे फोन घेण्याचा उत्साह कोणालाच नसतो. अशा वेळी एक्स्चेंजचे बटण दाबले जाते आणि आपल्या जुन्या फोनचे नक्की किती पैसे आले, हे बिल हातात पडल्यावरही नीट कळत नाही. मी स्वतःच्या आणि घरातल्या बऱ्याच जणांच्या फोनचा हा व्यवहार दोन्ही मार्गांनी केलेला आहे. त्यातून जो हिशेब हाती लागला, तो पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी पुढे मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. एक्स्चेंज नेहमी तोट्याचे आणि खाजगी विक्री नेहमी फायद्याची, असे मुळीच नाही. एक्स्चेंजमध्ये दाखवलेला आकडा आणि आपल्याला प्रत्यक्षात मिळणारा आकडा हे दोन वेगळे असतात, आणि तुलना करायची ती दुसऱ्या आकड्याशी.

आधी हे जवळ घ्या

जुन्या फोनचे मूळ बिल, आयएमईआय क्रमांक छापलेला खोका, मूळ चार्जर असल्यास तो, स्वतःचे एखादे ओळखपत्र आणि कागद-पेन एवढे पुरे. बिल सापडत नसेल, तर ज्या संकेतस्थळावरून किंवा दुकानातून फोन घेतला तिथे जुन्या ऑर्डरमध्ये पाहा. ऑनलाइन खरेदीचे बिल बहुधा पुन्हा उतरवून घेता येते. बिल नसले तरी फोन विकला जातो; मात्र खाजगी विक्रीत घेणारा तेवढ्याच मुद्द्यावर घासाघीस करतो.

फोनच्या डायलरवर `*#06#` दाबा. पडद्यावर येणारा पंधरा अंकी आयएमईआय बिलावरच्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते पाहा. घरात एकाच कंपनीचे दोन-तीन फोन असले की खोक्यांची अदलाबदल झालेली असते. ती घरी लक्षात आली तर हसण्यावारी जाते, पण गिऱ्हाइकासमोर लक्षात आली तर संशय येतो.

१. एक्स्चेंजचा खरा भाव वजाबाकीने काढा

एक्स्चेंजच्या आकड्यात सहसा दोन रकमा एकत्र असतात. पहिली म्हणजे जुन्या फोनची मूळ किंमत, आणि दुसरी म्हणजे ‘एक्स्चेंज बोनस’, जो नवा फोन खपावा म्हणून कंपनी किंवा विक्रेता वरून देतो. ‘२२,००० रुपयांपर्यंत’ ही रक्कम सर्वांत महागड्या जुन्या फोनला मिळणारी कमाल मर्यादा असते. त्यामुळे तिच्याकडे पाहूच नका. आपला पिनकोड, मॉडेल, स्टोरेज आणि फोनची स्थिती भरल्यावर जो आकडा येतो, तोच वहीत लिहा, आणि त्यात बोनस किती आहे हेही वेगळे नोंदवा.

आता नवा फोन एक्स्चेंजशिवाय कमीत कमी कितीला मिळतो ते शोधा. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ते एक्स्चेंजशिवायची किंमत म्हणून छापील किंमत धरतात. प्रत्यक्षात बँकेच्या कार्डावरची सूट, दुसऱ्या संकेतस्थळावरचा भाव आणि कर्वे रोड किंवा टिळक रोडवरच्या दुकानदाराने तोंडी सांगितलेला भाव, या सगळ्यांत जो सर्वांत कमी असेल तो धरायला हवा. अनेक योजनांत बारीक अक्षरांत ‘बँक सवलत किंवा एक्स्चेंज बोनस, दोन्हींपैकी एकच’ अशी अट असते. ती असेल, तर बोनस घेतला की कार्डावरची सूट हातची जाते.

मग वजाबाकी करा: एक्स्चेंजशिवायची सर्वांत कमी किंमत, वजा एक्स्चेंजसह प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कम. जे उरते, तोच तुमच्या जुन्या फोनचा खरा भाव.

गंमत म्हणजे वस्तू व सेवा कराचे २०१७ चे नियम याच पद्धतीने विचार करतात. त्यातल्या २७ व्या नियमाचे उदाहरणच मोबाइलचे आहे: जुना फोन घेऊन नवा २०,००० रुपयांना दिला आणि एक्स्चेंजशिवाय त्याची किंमत २४,००० असेल, तर नव्या फोनचे मूल्य २४,००० धरायचे. म्हणजे कर पूर्ण किमतीवर लागतो. एक्स्चेंज केल्याने करही वाचतो, असे कोणी काउंटरवर सांगितले तर त्यावर विसंबू नका.

२. फोनची स्थिती परक्या नजरेने तपासा

ऑनलाइन प्रश्नावलीत ‘पडद्यावर ओरखडे आहेत का?’ असे विचारलेले असते आणि आपण सवयीने ‘नाही’ म्हणतो. रोज वापरत असलेल्या फोनवरचे ओरखडे आपल्याला दिसेनासे झालेले असतात. जुना फोन न्यायला घरी येणारा माणूस मात्र फोन बंद करतो, काच पुसतो, खिडकीजवळ नेऊन तिरका धरतो आणि त्यावरून टॉर्चचा उजेड फिरवतो. त्या तिरक्या उजेडात केसाएवढी रेघही चमकते. हीच तपासणी आपण आदल्या दिवशी घरी करावी. स्क्रीन गार्ड काढून करावी, कारण तोही काढायला लावतो.

काच झाल्यावर पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून पाहा. हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ, कायमचा ठिपका, किंवा कीबोर्डची पुसट सावली दिसली, तर तो ‘डिस्प्लेचा दोष’ ठरतो आणि ओरखड्यापेक्षा कितीतरी जास्त कपात होते. त्यानंतर बोटाचा ठसा, दोन्ही बाजूंचे कॅमेरे, स्पीकर, माइक, व्हायब्रेशन, वाय-फाय आणि चार्जिंग तपासा. तपासणीचे ॲप हेच सगळे एकामागून एक विचारते. फोन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल किंवा मागचे झाकण किंचित उचललेले असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. असा फोन चार्ज करू नका आणि कोणाला तसाच विकूही नका. आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा.

दुरुस्ती करून मग विकावा का, असे हमखास विचारले जाते. चार्जिंगच्या खाचेत कापसासारखा कचरा अडकला असेल तर तो साफ करून घ्यावा, कारण ‘चार्जिंग होत नाही’ हा शेरा फुकटचा बसतो. पडदा बदलण्याचा खर्च मात्र क्वचितच वसूल होतो. त्यातून स्वस्तातला पडदा टाकलात, तर जाणकार गिऱ्हाईक रंगावरूनच ओळखते आणि भाव आणखी पाडते.

३. बाहेरचा भाव काढा, पण जाहिरातीवरून नव्हे

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर दिसणारी किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. तुमच्याच मॉडेलच्या, त्याच स्टोरेजच्या, पुण्यातल्या जाहिराती पाहा आणि बरेच दिवस जागची न हललेली जाहिरात हिशेबातून वगळा, कारण त्या भावाला कोणी घेत नाही हेच तिने दाखवून दिलेले असते. उरलेल्यांपैकी खालच्या बाजूच्या किमती धरा आणि घासाघिशीचे हजार-दीड हजार त्यातून उतरवा.

या भावाला एक तळही असतो. घरी येऊन जुना फोन रोखीने विकत घेणाऱ्या कंपन्यांचा ऑनलाइन भाव पाहा, आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या बाजूला जाणे होत असेल, तर जुने फोन घेणाऱ्या एक-दोन दुकानांत फोन दाखवून विचारा. दुकानदाराला त्यावर नफा कमवायचा असल्याने त्याचा भाव कमीच असणार. तरी आज संध्याकाळपर्यंत रोख किती मिळतील, ते कळते. शिवाय हा रोखीचा व्यवहार नव्या फोनच्या खरेदीपासून स्वतंत्र असल्याने कार्डावरची सूट शाबूत राहते. हा फायदा लोक विसरतात.

वेळेचेही भान ठेवा. त्याच मालिकेतला नवा फोन बाजारात आला की जुन्याचा भाव उतरतो. ॲपलचे नवे फोन साधारण सप्टेंबरात येतात, त्यामुळे आयफोन विकायचा असेल तर ऑगस्ट बरा. त्या सुमारास बाहेरगावची मुले शिक्षणासाठी शहरात येत असतात आणि मध्यम किमतीच्या जुन्या फोनला विचारणाही होते.

४. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवा: एक उदाहरण

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीचा हिशेब इथे देतो. तिचा फोन तीन वर्षांचा, १२८ जीबीचा, चालू स्थितीतला होता. नव्या फोनची संकेतस्थळावरची किंमत ४४,९९९ रुपये होती. तिच्या फोनचे मूळ मूल्य ११,३०० आणि बोनस ३,००० असे मिळून १४,३०० रुपये दाखवले गेले. म्हणजे तिने द्यायचे ३०,६९९. चौदा हजार म्हणजे चांगलाच भाव, असे तिला वाटले, आणि वरवर पाहता ते खरेही होते.

पण तिच्याकडे ज्या बँकेचे कार्ड होते, त्यावर ३,००० रुपयांची सूट चालू होती आणि बोनस घेतला तर ती मिळणार नव्हती. एक्स्चेंजशिवाय, कार्डाने, तोच फोन ४१,९९९ ला मिळत होता. जवळच्या दुकानदाराचा भाव ४२,७०० होता. म्हणून सर्वांत कमी किंमत ४१,९९९ धरली. त्यातून ३०,६९९ वजा केले, तर उरले ११,३००. म्हणजे तीन हजारांचा बोनस एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलेला होता.

घरी येऊन फोन घेणारी कंपनी १०,५०० देत होती. जाहिराती १५,५०० पासून १७,५०० पर्यंत होत्या, त्यामुळे आम्ही अपेक्षा १४,००० ची ठेवली. शेवटी फोन १३,६०० ला गेला. तिला नवा फोन निव्वळ २८,३९९ ला पडला, म्हणजे एक्स्चेंजपेक्षा २,३०० रुपये वाचले. त्यासाठी तिने बरेच निरर्थक फोन घेतले, ‘लास्ट किती?’ एवढाच प्रश्न विचारून गायब होणाऱ्यांना उत्तरे दिली आणि एक संध्याकाळ घालवली. दोन-अडीच हजारांसाठी एवढे करायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्यापुरते सांगायचे, तर फरक दीड हजारांच्या आत असेल तर मी एक्स्चेंज करून मोकळा होतो.

या हिशेबात दोन गोष्टी आणखी पाहाव्या लागतात. खाजगी विक्रीत नव्या फोनची पूर्ण रक्कम आधी हाताशी असावी लागते. उलट, एक्स्चेंजमध्ये दारात कपात होण्याचा धोका असतो. तिच्या फोनवरचा एक ओरखडा पकडला गेला असता आणि समजा १,८०० कापले गेले असते, तर खरा भाव ९,५०० वर आला असता.

जिथे बोनस आणि कार्डाची सूट दोन्ही मिळतात, तिथे मात्र चित्र पालटते. बोनस बऱ्याचदा ठरावीक असतो आणि जुना फोन किती किमतीचा आहे यावर अवलंबून नसतो. अशा वेळी योजनेच्या यादीत बसणारा, घरातल्या ड्रॉवरमध्ये पडून असलेला एखादा चालू फोन एक्स्चेंजला द्यावा आणि चांगला फोन बाहेर विकावा. हजार रुपयांच्या फोनवरही मग पूर्ण बोनस मिळतो. काही योजनांत बोनस ठरावीक मॉडेलांपुरताच असतो, तेवढी अट आधी वाचून घ्या.

५. एक्स्चेंज ठरले, तर नवा फोन येण्याआधीच तयारी पूर्ण करा

ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये नवा फोन आणणारा माणूस बहुधा त्याच फेरीत जुना घेऊन जातो. फोटो आणि संपर्क नव्या फोनवर घ्यायला वेळ मिळेल, असे समजू नका. त्याला पुढच्या दहा घरी जायचे असते. फोटोंचा आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप आदल्या रात्री पूर्ण करा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल खात्याच्या जागेत धरला जातो. ती जागा भरलेली असेल तर बॅकअप होतच नाही, म्हणून शेवटच्या बॅकअपची तारीख डोळ्यांनी पाहून घ्या.

सिमचेही तसेच. तेच सिम काढून नव्या फोनमध्ये घातले तर अडचण नाही. पण नवे सिम घेतले किंवा ई-सिमवर गेलात, तर सुरक्षेच्या नियमामुळे सुमारे २४ तास एसएमएस बंद राहतात. त्या काळात ओटीपी येत नाही आणि यूपीआयची नोंदणीही होत नाही. त्या दिवशी खिशात रोख रक्कम असू द्या.

दारात आलेल्याने कपात सांगितली, तर कशासाठी ते ॲपमध्ये दाखवायला सांगा. पटले नाही, तर बहुतेक ठिकाणी जुना फोन न देता फरक भरून नवा घेता येतो किंवा ऑर्डर रद्द करता येते. तिसरा पर्याय नसतो, आणि त्या माणसाशी वाद घालून उपयोगही नसतो, कारण भाव तो ठरवत नाही. पहिल्या पायरीतली वजाबाकी कपातीनंतरच्या आकड्याने तिथल्या तिथे पुन्हा करा. खाली जाण्याची तुमची मर्यादा आधीच वहीत लिहिलेली असावी. आणखी एक ध्यानात ठेवा: नवा फोन पुढे परत केला, तरी दिलेला जुना फोन सहसा परत मिळत नाही.

६. बाहेर विकायचे ठरले, तर पैसे आल्याची खात्री बँकेतच करा

जाहिरातीत तपकिरी खोक्याचे फोटो टाकण्यापेक्षा फोनचे चारही कडांचे, दिवसाच्या उजेडातले फोटो टाका आणि जो दोष आहे तो लिहा. दोष लिहिला की भेटीतली घासाघीस कमी होते. आयएमईआय आणि घरचा पत्ता मात्र जाहिरातीत देऊ नका. सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर आधी विचारून पाहा. ओळखीत हजारभर कमी आले तरी चालतील, कारण डोकेदुखी वाचते.

न पाहताच ‘लगेच घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असे म्हणणारा माणूस ठग आहे, असेच समजा. तो सैन्यात असल्याचे सांगतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

भेट दिवसा आणि वर्दळीच्या जागी ठेवा. नळ स्टॉप किंवा गरवारे कॉलेज मेट्रो स्थानकाचे प्रवेशद्वार सोयीचे, कारण घेणाऱ्यालाही पोहोचायला बरे पडते. फोन आधीच रिकामा करून, खाते न घालता सुरू करून न्या. घेणाऱ्याला स्वतःचे सिम घालून कॉल लावू द्या, कॅमेरा पाहू द्या. त्याला हवे असेल, तर `KYM`, मग एक मोकळी जागा आणि आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवून किंवा संचार साथी संकेतस्थळावर फोनची नोंद तपासता येते. हे तुम्हीच सुचवलेत तर त्याचा विश्वास बसतो. पैसे आल्याचा त्याच्या फोनवरचा हिरवा टिक किंवा स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नका. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली, की मगच फोन हातातून सोडा.

७. फोन रिकामा करण्याचा क्रम आणि कागद

अँड्रॉइडवर आधी सेटिंगमधून गुगल खाते काढा आणि मगच सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट करा. खाते न काढता बटणे दाबून रीसेट केला, तर फोन पुन्हा सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने तो वीट होतो. आयफोनवर ॲपल खात्यातून बाहेर पडा आणि ‘Find My’ बंद झाल्याची खात्री करून मगच सर्व मजकूर पुसा. मेमरी कार्ड आणि सिमचा ट्रे शेवटी एकदा उघडून पाहा.

खाजगी विक्रीत साध्या कागदावर विक्रीपत्र लिहून घ्या: मॉडेल, दोन्ही आयएमईआय, तारीख, वेळ, रक्कम, पैसे कसे मिळाले, घेणाऱ्याचे नाव व पत्ता आणि दोघांच्या सह्या. त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. आधार असेल तर क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत पुरते. फोनचा पुढे गैरवापर झाला, तर तपास आयएमईआयवरून मूळ बिलापर्यंत येऊ शकतो आणि त्या वेळी हाच कागद दाखवायचा असतो. एक्स्चेंजमध्ये हेच काम फोन स्वीकारल्याची पावती करते, म्हणून तिच्यावर आयएमईआय आहे का ते पाहून ती जपून ठेवा. मूळ बिल घेणाऱ्याला देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी गुगल किंवा ॲपल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत जुना फोन अजून दिसत असेल, तर तो तिथून काढून टाका.